‘फाइल उपलब्ध नाही’ पुन्हा पुन्हा येतंय: अकरा नऊ असताना फाइल जाते कुठे?

तक्रार अशी येते. क्लाउडवर ठेवलेल्या कागदपत्रांपैकी एखादं उघडायला गेलं की सॉफ्टवेअर म्हणतं, ‘फाइल उपलब्ध नाही’. बाकीच्या हजारो फाइली नीट उघडतात. मग कोणीतरी कपाटातून मूळ कागद काढतं, पुन्हा स्कॅन करून चढवतं आणि विषय मिटतो. काही आठवड्यांनी दुसरी फाइल जाते. काही महिन्यांनी तर पहिलीच पुन्हा जाते.

वाशीतल्या एका कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात हेच चाललं होतं. न्हावाशेव्याला येणाऱ्या मालाची बिल ऑफ एंट्री, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट असे सगळे कागद स्कॅन करून ॲमेझॉनच्या एसथ्री या फाइली साठवण्याच्या सेवेवर, मुंबई रिजनमधल्या एका बकेटमध्ये, म्हणजे तिथल्या एका साठ्यात, ठेवलेले. साधारण चार लाख फाइली. ब्रोकरना २०१८ च्या परवाना नियमांनुसार नोंदी किमान पाच वर्षं जपाव्या लागतात, त्यामुळे फाइल हरवणं म्हणजे तपासणीच्या वेळी थेट अडचण. मालकांचा प्रश्न रास्त होता : “अकरा नऊ आहेत म्हणून सांगितलं, म्हणूनच तर इथे ठेवलं ना? मग फाइल जाते कशी?”

याचं उत्तर मिळवायचं तर ते अकरा नऊ, म्हणजे ९९.९९९९९९९९९ टक्के या आकड्यातले नऊ, नक्की कशाबद्दल आहेत, हे आधी नीट समजून घ्यावं लागतं. तो आकडा कळला की बिघाड कुठे शोधायचा नाही हेही कळतं, आणि निम्मं काम तिथेच होतं.

दोन वेगळे आकडे

एसथ्रीच्या नेहमीच्या वर्गासाठी दोन आकडे दिलेले आहेत. ड्युरेबिलिटी ९९.९९९९९९९९९ टक्के आणि अव्हेलेबिलिटी ९९.९९ टक्के. दोन्ही वर्षाच्या हिशेबाने, आणि दोन्ही ‘यासाठी रचना केली आहे’ अशा भाषेत.

ड्युरेबिलिटी सांगते की साठवणाऱ्या यंत्रणेने एकदा स्वीकारलेले बाइट्स तिच्याच बिघाडामुळे कायमचे नष्ट होण्याची शक्यता किती. अव्हेलेबिलिटी सांगते की आत्ता मागितलं तर आत्ता मिळेल का. ९९.९९ टक्के म्हणजे वर्षाला साधारण ५३ मिनिटं न मिळण्याची मुभा. प्रत्यक्ष करारातली हमी त्याहून सैल आहे : महिन्याचा आकडा ९९.९ टक्क्यांच्या खाली गेला तर बिलात सूट मिळते. ९९.९ टक्के म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं. या करारात ड्युरेबिलिटीबद्दल सुटीची तरतूद नाही. ज्यांना वाटतं की अकरा नवांचा भंग झाला तर कंपनी भरपाई देईल, त्यांनी करार उघडून बघावा.

दोन आकडे किती स्वतंत्र आहेत हे २८ फेब्रुवारी २०१७ ला दिसलं. अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनिया रिजनमध्ये एका कर्मचाऱ्याने दिलेल्या कमांडमध्ये चूक झाली, ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर बाजूला काढले गेले, आणि कोणती फाइल कुठे आहे हे सांभाळणारी इंडेक्स यंत्रणा पुन्हा सुरू करावी लागली. एसथ्री चारेक तास अडखळलं आणि असंख्य वेबसाइट बंद पडल्या. पण फाइली होत्या तिथेच डिस्कवर होत्या. त्या शोधून देणारं कोणी जागेवर नव्हतं. आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळून मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, तेव्हा कित्येक ऑफिसांना आपले कागद उघडता आले नाहीत. तेही अव्हेलेबिलिटीचंच दुखणं, आणि त्यातला दोष तर क्लाउडचा नव्हताच. वापरणाऱ्याच्या दृष्टीने मात्र दोन्ही वेळा स्क्रीनवर एकच वाक्य : फाइल उपलब्ध नाही.

अकरा नऊ येतात कुठून

हा आकडा कोणी दहा हजार वर्षं वाट बघून मोजलेला नाही. तो गणिताने काढतात. कंपनीचं स्वतःचं मॉडेल बरंच गुंतागुंतीचं असतं, पण त्याचा गाभा साध्या हिशेबातून दिसतो.

समजा एका फाइलच्या तीन प्रती तीन वेगळ्या डिस्कवर आहेत. डिस्क वर्षाला दोन टक्के दराने मरते. एक मेली की तिच्यावरची प्रत दुसरीकडे बनवायला एक दिवस लागतो. फाइल नष्ट व्हायची तर पहिली डिस्क मेल्यावर त्याच एका दिवसाच्या खिडकीत उरलेल्या दोन्हीही मरायला हव्यात. एका डिस्कची एका दिवसात मरण्याची शक्यता ०.०२ भागिले ३६५, म्हणजे लाखात साडेपाच.

```
3 × 0.02 × (2 × 0.000055) × 0.000055 ≈ 3.6e-10
```

वर्षाला दहा हजार कोटींत ३६. म्हणजे नऊ नऊ. आता दुरुस्तीचा वेळ एका दिवसावरून दहाव्या हिश्शावर, २.४ तासांवर आणा. खिडकी दोनदा गुणली जाते, म्हणून शक्यता शंभर पटीने घटते : दहा हजार कोटींत ०.३६. हे झाले अकरा नऊ. डिस्क तीच, प्रती तेवढ्याच. फक्त बिघाड लवकर ओळखून लवकर भरून काढला. म्हणूनच या यंत्रणा दिवसरात्र आपल्याच डेटाचे चेकसम, म्हणजे डेटा बिघडला नाही ना हे सांगणारे आकडे, तपासत बसतात.

या हिशेबाचा सगळा भार एका गृहीतकावर आहे : बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असावेत. तिन्ही डिस्क एकाच खोलीत असतील आणि त्या खोलीला वर्षात आग लागण्याची शक्यता लाखात एक असेल, तर तुमचे नऊ पाचवर येऊन थांबतात, डिस्क कितीही चांगल्या असोत. एसथ्रीचा नेहमीचा वर्ग म्हणूनच किमान तीन अव्हेलेबिलिटी झोनमध्ये, म्हणजे एकाच रिजनमधल्या पण वेगवेगळ्या ठिकाणच्या डेटा सेंटरांमध्ये, डेटा पसरतो. स्वस्तातला ‘वन झोन’ वर्गही अकरा नऊच सांगतो, पण तो झोन शाबूत असेपर्यंतच. झोनच नष्ट झाला तर डेटा जाऊ शकतो हे त्याच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं आहे. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता अशांचं दोन्ही गेलं.

आणि या हिशेबात माणूस कुठेच नाही. डिलीटची कमांड नाही, चुकीचा नियम नाही, हरवलेली चावी नाही.

आता वाशीच्या ऑफिसाकडे. दहा हजार कोटींत एक या दराने चार लाख फाइलींपैकी एक फाइल यंत्रणेच्या चुकीने जायला सरासरी अडीच लाख वर्षं लागतील. इथे दर काही आठवड्यांनी एक जात होती. त्यामुळे ‘क्लाउडने फाइल हरवली’ हा संशय यादीत अगदी तळाला टाकायचा. आकड्याचा खरा उपयोग हा आहे. बहुतेक तक्रारींत लोक उलट करतात : पहिला संशय कंपनीवर, तिकीट लावायचं आणि वाट बघायची. तोवर परत मिळू शकणारी फाइलही मुदत संपून जाते.

आधी खरा एरर बघा

सॉफ्टवेअरचं वाक्य बाजूला ठेवा. ते पाच वेगळ्या कारणांना एकच संदेश दाखवतं. थेट विचारा :

```
aws s3api head-object --bucket cha-docs \
  --key "scan-final/2024/BE_7731905.pdf"
```

`503` किंवा टाइमआउट आला तर प्रश्न अव्हेलेबिलिटीचा आहे. थांबा, थोड्या थोड्या वेळाने, दर वेळी अंतर वाढवत पुन्हा विचारा. या अवस्थेत काहीही डिलीट करू नका आणि घाईने दुसऱ्या नावाने फाइल चढवू नका. सेवा परत आल्यावर एकाच कागदाच्या दोन प्रती उरतात आणि खरी कोणती यावर वाद होतो.

`403` आला तर तो बहुधा परवानगीचा प्रश्न असतो, पण इथे एक फसवी जागा आहे. ज्या युजरला बकेटची यादी बघायची परवानगी नाही, त्याने नसलेली फाइल मागितली तरी एसथ्री `404` न देता `403` देतं. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या युजरने मिळालेल्या `403` वरून निष्कर्ष काढू नका. यादी बघू शकणाऱ्या ॲडमिन युजरने तीच कमांड चालवा. ग्लेशियरच्या फ्लेक्सिबल रिट्रीव्हल किंवा डीप आर्काइव्ह या स्वस्त, संथ वर्गात हलवलेली फाइल थेट उघडायला गेलं तरी `403` च येतो, `InvalidObjectState` या नावाने. ती फाइल सुरक्षित असते, फक्त आधी रिस्टोअर मागावी लागते.

फाइल सापडली, पण `ContentLength` शून्य असेल, तर स्कॅनरने रिकामी फाइल दिली आणि यंत्रणेने ती रिकामी फाइल अकरा नवांच्या निष्ठेने जपली. आत काय आहे याची तिला फिकीर नसते.

वाशीला ॲडमिनने विचारल्यावर आला `404`. मग पुढचा प्रश्न : ही फाइल कधी होती का?

```
aws s3api list-object-versions --bucket cha-docs \
  --prefix "scan-final/2024/BE_7731905"
```

हे मी मे २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात बघितलं. बकेटवर व्हर्जनिंग चालू होतं, म्हणजे फाइलच्या जुन्या प्रती जपल्या जात होत्या, आणि उत्तरात दोन नोंदी आल्या. `Versions` खाली खरी फाइल, ४ नोव्हेंबर २०२४ ची. `DeleteMarkers` खाली डिलीट झाल्याची खूण असलेला एक मार्कर, ४ मे २०२५ चा. म्हणजे फाइल हरवलेली नव्हतीच. कोणीतरी तिला डिलीट केलं होतं, आणि व्हर्जनिंगमुळे ती मार्करच्या मागे झाकलेली होती.

डॉक्युमेंटेशन बघणाऱ्या ताईंनी ठामपणे सांगितलं की कोणीही काहीही डिलीट केलेलं नाही, सॉफ्टवेअरमध्ये तर तसं बटणच नाही. त्यांचं म्हणणं पूर्ण खरं होतं. इतर झाकलेल्या फाइली बघितल्यावर प्रत्येकीच्या तारखांमधलं अंतर तेच निघालं, साधारण सहा महिने. माणूस असा नेमाने डिलीट करत नाही. एवढी नियमितता फक्त नियमात असते.

ताईंना आणखी एक फाइल आठवली, जी गेल्या वर्षी गायब झाली होती आणि त्यांनी १५ डिसेंबर २०२४ ला पुन्हा स्कॅन करून चढवली होती. ती अजून जिवंत होती. तिच्यावर `head-object` चालवल्यावर सगळं उलगडलं :

```
"Expiration": "expiry-date=\"Sat, 14 Jun 2025 00:00:00 GMT\",
               rule-id=\"clean-temp\""
```

जिवंत फाइलवर मृत्यूची तारीख आधीच लिहिलेली होती. १५ डिसेंबरनंतर १८० दिवस म्हणजे १३ जून. एसथ्री ते पुढच्या जीएमटी मध्यरात्रीपर्यंत ओढतं, आपल्याकडे १४ जूनची पहाट साडेपाच. तीच फाइल दुसऱ्यांदा जाणार होती. ‘पुन्हा पुन्हा’ का होतं याचं उत्तर हेच : प्रत्येक वेळी नव्याने चढवलेली प्रत नव्याने १८० दिवस मोजायला लागायची.

नियम काय होता

```
aws s3api get-bucket-lifecycle-configuration --bucket cha-docs
```

आधीच्या व्हेंडरने बसवलेला, ठरलेल्या मुदतीनंतर फाइली आपोआप काढणारा एक लाइफसायकल नियम निघाला. स्कॅनरमधून येणारी सुटी पानं `scan/` मध्ये पडायची. ती जोडून, सही-शिक्का तपासून झालेली अंतिम पीडीएफ `scan-final/` मध्ये जायची. सुटी पानं सहा महिन्यांनी काढून टाकावीत हा हेतू योग्यच होता. पण नियमातला प्रिफिक्स होता `scan`, शेवटच्या तिरक्या रेघेशिवाय. एसथ्रीला फोल्डर नावाची गोष्ट माहीत नाही. तिथे फाइलचं पूर्ण नाव ही एक सलग अक्षरमाळ असते, आणि `scan` ने सुरू होणारी प्रत्येक माळ नियमात बसते. `scan/` बसली, `scan-final/` सुद्धा बसली.

सगळ्यांच्या नजरेला हे लवकर का आलं नाही? कारण सहा महिन्यांपूर्वीचा कागद रोज कोणी उघडत नाही. एखाद्या आयातदाराचा परताव्याचा अर्ज आला, कस्टम्सकडून विचारणा झाली, की तेवढी एक फाइल शोधली जायची. गेलेल्या फाइली शेकडो होत्या, कळत मात्र एकेकच होत्या. या प्रकारच्या बिघाडात तक्रारींची संख्या बघून नुकसानीचा अंदाज बांधू नका. पहिली फाइल सापडली नाही त्याच दिवशी पूर्ण प्रिफिक्सची यादी काढा.

नियमात दुसरी ओळही होती : जुनी व्हर्जन ३० दिवसांनी कायमची काढा. म्हणजे मार्करच्या मागे झाकलेली फाइल फक्त ३० दिवस तिथे राहते, नंतर खरंच जाते. ४ मे ला झाकलेली फाइल जूनच्या सुरुवातीला संपणार होती.

एरवी हा शोध लॉगमधूनही घेता येतो, पण लक्षात ठेवा की लाइफसायकलने केलेलं डिलीट ॲमेझॉनच्या क्लाउडट्रेल या नोंदवहीत `DeleteObject` म्हणून दिसत नाही. ते सर्व्हर ॲक्सेस लॉगमध्ये `S3.CREATE.DELETEMARKER` आणि `S3.EXPIRE.OBJECT` या नावांनी येतं, आणि तो लॉग आधीपासून चालू केलेला असेल तरच. वाशीला तो बंद होता.

परत आणताना क्रम चुकवू नका

आधी नियम बंद करायचा, मगच फाइली परत आणायच्या. मार्कर काढला की जुनी व्हर्जन पुन्हा चालू होते, पण तिचं वय मूळ तारखेपासूनच मोजलं जातं. नियम चालू असेल तर ती लगेचच पुन्हा मुदतबाह्य ठरते आणि झाकली जाते. नियम कन्सोलवरून बंद केलेला बरा. `put-bucket-lifecycle-configuration` कमांड बकेटची अख्खी नियमावली बदलून टाकते. एकच नियम लिहून चालवली तर बाकीचे सगळे पुसले जातात.

मग मार्कर काढायचा :

```
aws s3api delete-object --bucket cha-docs \
  --key "scan-final/2024/BE_7731905.pdf" \
  --version-id MARKER_VERSION_ID
```

इथे हात थांबवून पुन्हा वाचा. `--version-id` मध्ये मार्करचाच आयडी हवा. चुकून खऱ्या फाइलचा आयडी दिला तर ती कायमची जाते, आणि अकरा नऊ तुमच्या मदतीला येत नाहीत. तुम्ही सांगितलं तेच यंत्रणेने केलं. शेकडो फाइलींसाठी स्क्रिप्ट लिहिणार असाल तर आयडी फक्त `DeleteMarkers` या यादीतूनच उचला, आणि आधी पाच-दहा फाइलींवर चालवून त्या उघडून बघा.

वाशीला आधीच्या तीस दिवसांत झाकलेल्या सगळ्या फाइली परत मिळाल्या. त्याआधीच्या अंतिम पीडीएफ क्लाउडवर कुठेच नव्हत्या. त्यांतल्या बऱ्याच कपाटातल्या कागदांवरून आणि आयातदारांच्या मेलमधून पुन्हा उभ्या केल्या, काही नाहीच मिळाल्या.

`list-object-versions` पूर्ण रिकामं आलं तर मात्र दोन शक्यता उरतात आणि त्या एकसारख्याच दिसतात : फाइल कायमची डिलीट झाली, किंवा ती कधी पोचलीच नव्हती. अकरा नवांची जबाबदारी एसथ्रीने `200` उत्तर दिल्यावर सुरू होते. नेट तुटल्यामुळे अर्धवट राहिलेली आणि सॉफ्टवेअरने ‘अपलोड झाली’ म्हणून नोंदवलेली फाइल त्यात येत नाही. यावर खात्रीचा उपाय एकच : व्हर्जनिंग असलेल्या बकेटमध्ये अपलोडच्या उत्तरात `VersionId` येतो, तो सॉफ्टवेअरने आपल्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवावा. आयडी आहे म्हणजे फाइल पोचली होती.

एन्क्रिप्शनसाठी केएमएस या ॲमेझॉनच्या चाव्या सांभाळणाऱ्या सेवेतली स्वतःची की वापरत असाल तर तिच्याकडेही लक्ष असू द्या. की डिलीट करायला लावली की ७ ते ३० दिवसांची प्रतीक्षा असते, तोवर ते रद्द करता येतं. त्यानंतर फाइलचा प्रत्येक बाइट जागेवर असतो आणि एकही वाचता येत नाही.

पुढे काय बसवलं

प्रिफिक्स `scan/` केला. सॉफ्टवेअरच्या युजरची डिलीटची परवानगी काढली, पण एवढ्याने भागत नाही, कारण नियम कोणत्याही युजरच्या परवानगीने चालत नाही.

दुसरी प्रत हैदराबाद रिजनमध्ये, वेगळ्या अकाउंटखाली ठेवली. वेगळं अकाउंट हा यातला महत्त्वाचा भाग. त्याच अकाउंटमधली दुसरी प्रत झोन जळाला तर वाचवेल. ॲडमिनचा पासवर्ड चोरीला गेला तर दोन्ही एकाच हाताने पुसल्या जातील. रिप्लिकेशन लावताना डिलीट मार्कर पलीकडे पाठवण्याचा पर्याय बंदच ठेवा. मुंबई रिजन कधी अडखळलं तर ही प्रत अव्हेलेबिलिटीलाही उपयोगी पडते, पण सॉफ्टवेअरला तिथून वाचायला शिकवलेलं असेल तरच.

अंतिम पीडीएफसाठी ऑब्जेक्ट लॉकची, म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत फाइल कायमची काढू न देणारी, नवी बकेट केली. लॉकची ठरलेली मुदत पूर्ण बकेटला लागते, एखाद्या प्रिफिक्सला नाही. म्हणून ही मुदत वापरायची तर सुटी पानं आणि अंतिम फाइली वेगळ्या बकेटमध्ये ठेवाव्या लागतात. लॉक असताना चुकीचा नियम आला तरी तो मार्कर टाकून फाइल झाकू शकतो, मुदत संपेपर्यंत व्हर्जन कायमची काढू शकत नाही. कंप्लायन्स मोडमध्ये पाच वर्षं लावली तर रूट युजरलाही ती काढता येत नाही, आणि तेच हवं असतं. पण मग चुकून चढलेली फाइलसुद्धा पाच वर्षं तिथेच राहते आणि तिचं भाडं भरावं लागतं. म्हणून आधी काही दिवस गव्हर्नन्स मोडमध्ये चालवा; त्यात खास परवानगी असलेल्याला लॉक उठवता येतो. कोणती फाइल कुठे पडते, सुटी पानं चुकून इकडे येत नाहीत ना, हे बघून झाल्यावरच कंप्लायन्स मोड लावा.